लाखावरची अठराशे माणसं आणि नाल्याकाठचा तुकडा

आमची शेती हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या पलीकडच्या अंगाला. एकाच गावच्या शिवारात दोन तुकडे: एक नाल्याकाठचा दोन एकर, दुसरा शिवाराच्या पार दुसऱ्या टोकाला दीड एकर. आम्ही त्यांना नाल्यावरचं आणि वरचं म्हणतो, गट नंबर फक्त सातबाऱ्यावर. बाबांनी पंचाहत्तरीला टेकल्यावर दोन्ही विकायचं ठरवलं. शेजारच्या गावचे एक शेतकरी एकरी २२ लाखाला तयार झाले. म्हणजे नाल्यावरच्याचे ४४ लाख आणि वरच्याचे ३३ लाख.

टॅक्सचा विषय घरात कोणी काढलाच नव्हता. मी वर्ध्याला बँकेत आहे, म्हणून तो मीच काढला, तर काका हसले. "खेड्यातल्या वावराले कुठचा टॅक्स बाप्पा? म्या इकलं तवा एक रुपया नाई लागला." काकांनी २०१२ साली त्याच शिवारातलं वावर विकलं होतं. गाव ग्रामपंचायतीत, हिंगणघाटचा बसस्टँड नऊ किलोमीटर, पेरा कापूस-तुरीचा. याहून ग्रामीण काय असतं, असं मलाही वाटलं.

तरी वर्ध्याच्या एका सीए मॅडमकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी सातबारा बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "हिंगणघाटची लोकसंख्या किती?" मी म्हटलं, मॅडम, आमचं गाव दीड हजार वस्तीचं आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या गावाची नाही विचारली. नगरपरिषदेची विचारली."

मी तिथेच अडकलो होतो. आपल्या डोक्यात ग्रामीण म्हणजे ग्रामपंचायत. आयकर कायद्यात जमीन कुठल्या पंचायतीत आहे एवढ्यावर भागत नाही. नगरपालिका किंवा कटकमंडळाच्या हद्दीतली जमीन, त्या हद्दीत दहा हजार किंवा जास्त लोक राहत असतील, तर शहरी धरतात. हद्दीबाहेरची असेल तर शेजारी कोणती नगरपालिका आहे, तिची लोकसंख्या किती आणि तिच्या हद्दीपासून वावर किती लांब, हे पाहतात. लोकसंख्या दहा हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत असेल तर दोन किलोमीटरच्या आतली जमीन शहरी. एक लाखाच्या वर ते दहा लाखांपर्यंत असेल तर सहा किलोमीटरच्या आतली. दहा लाखांच्या वर, म्हणजे नागपूरसारखं शहर असेल, तर आठ किलोमीटरच्या आतली. या पट्ट्याबाहेरची शेतजमीन कायद्याच्या भाषेत 'भांडवली मालमत्ता'च नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफा नावाची गोष्टच निघत नाही. नाव नगरपंचायत असो की आणखी काही, तीही यात मोजतात, फक्त दहा हजारांची अट तिला लागते. आणि फक्त आपल्या तालुक्याचं गाव पाहून चालत नाही. आसपासच्या प्रत्येक नगरपालिकेचं वर्तुळ तपासावं लागतं. वर्धा आम्हाला लांब, म्हणून प्रश्न हिंगणघाटचाच उरला.

आता लोकसंख्या. कायदा म्हणतो, विक्री ज्या आर्थिक वर्षात झाली ते सुरू होण्याआधी ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यातली ताजी घ्या. आमचा सौदा जानेवारी २०२५ चा, वर्ष सुरू झालं १ एप्रिल २०२४ ला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०११ चीच धरायची. २०११ ला हिंगणघाट नगरपरिषदेची लोकसंख्या होती १,०१,८०५. तेव्हाची कच्ची मोजणी नव्हे, गावाच्या पाटीवरचा रंगवलेला आकडाही नव्हे, जनगणनेच्या कोष्टकातला आकडा. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१ ला, तोच आकडा ब्याण्णव हजारांच्या आसपास होता.

म्हणजे २००१ च्या हिशेबात हिंगणघाटभोवतीचं वर्तुळ दोन किलोमीटरचं, २०११ च्या हिशेबात सहाचं. लाखाच्या वरच्या अठराशे माणसांनी ते चार किलोमीटर सरकवलं. भंडारा जिल्ह्याचं ठिकाण, पण २०११ ला तिथे ९१,८४५ लोक, त्यामुळे तिथे अजून दोनच किलोमीटर. आमचे साडू भंडाऱ्याला आहेत. त्यांचं वावर नगरपरिषदेच्या हद्दीपासून तीन किलोमीटरवर असूनही ग्रामीण ठरतं. हे त्यांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, "अंतर कसं मोजलं?" मी म्हटलं, नऊ किलोमीटर, एसटीच्या पाटीवर लिहिलंय. "ते रस्त्याने. आणि बसस्टँडपासून. दोन्ही चुकलं."

रस्त्याने मोजायचं की सरळ, हा वाद जुना आहे. कायद्यात आधी स्पष्ट नव्हतं आणि न्यायालयांनी रस्त्याने मोजा असं म्हटलं होतं. २०१३ च्या वित्त कायद्याने 'हवाई अंतर' हे शब्द घातले आणि ते कर निर्धारण वर्ष २०१४-१५ पासून लागू झाले. मागच्या सौद्यांना ते लावायचं की नाही यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ ला सांगितलं की ते पुढच्यांनाच लागू, मागच्यांना नाही. आयकर खात्यानेही त्याच वर्षीच्या १७ क्रमांकाच्या परिपत्रकात ते मान्य केलं. काकांना त्यांच्या वेळी टॅक्स लागला नाही याचं कारण असं, की तेव्हाची मोजपट्टी वेगळी होती. काकांना हे पटवायला मला दोन चहा लागले.

आमच्या गावाच्या बाबतीत हवाई आणि रस्त्याचा फरक नुसता कागदी नाही. नदी मध्ये आहे. पूल खाली वळसा घेऊन आहे, रस्ता त्या पुलाला धरून येतो, म्हणून नऊ किलोमीटर. पाखरू मात्र नदीवरून सरळ येतं. आणि अंतर बसस्टँडपासून किंवा बाजार चौकापासून मोजत नाहीत, नगरपरिषदेच्या हद्दीच्या जवळच्या टोकापासून मोजतात. बसस्टँडपासून ही हद्द आमच्या बाजूला बरीच पुढे आलेली आहे. म्हणजे दोन्हीकडून अंतर खात जातं.

मी आधी घरीच मोजून पाहिलं. संगणकावर गूगल अर्थ उघडलं. गटाचा नकाशा महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरून घेतला, बांध आणि नाला ओळखून तो खाली बसवला. नगरपरिषदेची हद्द काढायला मात्र दोन दिवस गेले, कारण उपग्रहाच्या चित्रात हद्द कुठे दिसते? शेवटी नगरपरिषदेच्या नगररचना विभागात मंजूर विकास आराखड्याचा नकाशा पाहायला मिळाला, त्यावर हद्दीची रेघ आणि सर्व्हे नंबर होते. ते नंबर गावनकाशावर शोधून खुणा केल्या. मग मोजपट्टी ओढली. नाल्यावरचं: ५.४ किलोमीटर. वरचं: ६.२ किलोमीटर.

मी ती रेघ तीनदा ओढून पाहिली. सहा किलोमीटरचं वर्तुळ आमच्या शिवाराच्या मधून जात होतं. एकाच दिवशी, एकाच माणसाला, एकाच दराने विकलेली दोन वावरं, एक शहरी, एक ग्रामीण.

बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पऱ्हाटी तं दोन्हीकडं सारखीच होते."

आता मोजमाप आपल्या संगणकावरचं असून चालत नाही, कोणाचा तरी शिक्का हवा. एका कार्यालयाने आम्हाला हौसेने दाखला दिला, त्यात 'सदर गाव हिंगणघाट शहरापासून ९ कि.मी. अंतरावर आहे' असं लिहिलेलं. मॅडमनी तो वाचून परत केला. त्यात तीन उणिवा होत्या: अंतर गावाचं होतं, गटाचं नाही, शहरापासून होतं, हद्दीपासून नाही, आणि हवाई की रस्त्याने ते लिहिलंच नव्हतं. असा दाखला जोडला तर तपासणारा अधिकारी स्वतः नकाशा उघडतो आणि मग आपली बाजू हलकी पडते. पुढे आम्ही भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे दोन्ही गटांचा वेगवेगळा अर्ज केला. अर्जातच वाक्य लिहून दिलं: 'नगरपरिषद हद्दीच्या जवळच्या बिंदूपासून गटाच्या जवळच्या बिंदूपर्यंतचे हवाई अंतर.' नकाशाची प्रत, आराखड्याची प्रत आणि सातबारा जोडले. हा दाखला यायला दीड महिना लागला, पण वाक्य तेच आलं आणि आकडेही आमच्या आकड्यांच्या जवळ. नाल्यावरचं सहाच्या आत होतं, वरचं बाहेर होतं.

वरचं वावर पट्ट्याबाहेर असणं पुरेसं नव्हतं, ते शेतजमीनही असायला हवं होतं. सातबाऱ्यावर बिनशेती झालेली नव्हती, हे ठीक. पण एका खरिपात ई-पीक पाहणी करायची आमच्याकडून राहिली होती आणि त्या हंगामाच्या रकान्यात पडीक आलं होतं. शेत पेरलेलं होतं, कापूस बाजार समितीत विकलाही होता. त्या वर्षीच्या हिशोबपट्ट्या, बियाणे-खताच्या पावत्या बाबांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. त्या पेटीवर आई गेली दहा वर्षं चिडत होती.

सौदा झाल्यावर दलालाने एक युक्ती काढली. "नाल्यावरचं एकरी १६ लिवू, वरचं ३० लिवू. बेरीज तेवढीच." कानाला गोड लागतं. पण दोन्ही गट एकाच शिवारात, दोन्ही कोरडवाहू, दोन्हींचा सरकारी दर सारखा. एकाचा भाव दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट का, याचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं, कारण ते खोटंच होतं. मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. आम्ही दोन गटांची दोन स्वतंत्र खरेदीखतं केली, प्रत्येकात खरा भाव. याचा एक फायदा लगेच दिसला. घेणाऱ्याच्या वकिलांना ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस कापायची काळजी होती. ग्रामीण शेतजमिनीला तो नियम लागत नाही आणि शहरी ठरलेल्या गटाची रक्कम ४४ लाखच. दोन खतं वेगळी असल्यामुळे हे दाखवणं सोपं गेलं.

आता नाल्यावरच्याचा हिशेब. ही जमीन आजोबांकडून बाबांकडे आलेली, १ एप्रिल २००१ च्या आधीची. त्यामुळे खरेदी किंमत म्हणून त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. पण तो मुद्रांक शुल्कासाठीच्या त्या वेळच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. मूल्यांककांनी एकरी ८० हजार काढले, म्हणजे दोन एकरांचे १ लाख ६० हजार. ४४ लाखांतून ते वजा केले की ४२ लाख ४० हजार नफा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला निर्देशांक नाही, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरता येत नाही, आणि दर साडेबारा टक्के. त्याआधी घेतलेल्या जमिनीला मात्र रहिवासी व्यक्तीने जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी हिशेब करून जो कर कमी येईल तो भरायची मुभा आहे. आमच्यासाठी दोन्ही करून पाहिलं. २००१-०२ चा निर्देशांक १०० धरला तर २०२४-२५ चा ३६३. १ लाख ६० हजारांचे होतात ५ लाख ८० हजार ८००. नफा उरतो ३८ लाख १९ हजारांच्या आसपास आणि वीस टक्क्यांनी कर साडेसात लाखांच्या वर. साडेबारा टक्क्यांनी ५ लाख ३० हजार, उपकर धरून ५ लाख ५१ हजार. २००१ चा भाव इतका कमी असताना निर्देशांकाचा फायदा होतच नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नसतं तर आम्ही जुनं ते चांगलं म्हणून वीस टक्केच भरले असते.

वरच्या गटाचे ३३ लाख. त्यावर शून्य.

साडेपाच लाखांचा आकडा ऐकून बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मॅडमनी १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५४ब काढलं. शहरी ठरलेली शेतजमीन विकली, आणि विक्रीच्या आधीची दोन वर्षं ती मालकाने किंवा त्याच्या आईवडिलांनी शेतीसाठी वापरलेली असेल, तर विक्रीपासून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली की तेवढ्या नफ्यावर कर नाही. पत्र्याच्या पेटीतल्या पावत्या इथे दुसऱ्यांदा कामी आल्या. नवी जमीन शहरी असो की ग्रामीण, चालते. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते, साध्या बचत खात्यात नाही. आणि नवी जमीन तीन वर्षांच्या आत विकली तर ती सूट अंगावर उलटू शकते.

खरी अडचण कायद्याची नव्हती. बाबा शेती थांबवायची म्हणूनच विकत होते, आणि सूट मिळवायला परत शेतीच घ्या म्हणतात. मला वर्ध्याला घरासाठी पैसे हवे होते, ताईच्या मुलाचं शिक्षण होतं. आठवडाभर घरात रोज रात्री हीच गोष्ट. शेवटी बाबांनी मधली वाट काढली: समुद्रपूर तालुक्यात भावकीच्या शेजारची तीन एकर, बटईने करायला माणूस ठरलेला, मुद्रांक धरून ३० लाख. खत बाबांच्याच नावाने केलं. माझ्या नावाने करायची गोष्ट निघाली होती, मॅडमनी अडवलं, कारण सूट विकणाऱ्याला असते आणि दुसऱ्याच्या नावावर घेतलं की वाद उभे राहतात.

४२ लाख ४० हजारांतून ३० लाख गेले, करपात्र नफा उरला १२ लाख ४० हजार. बाबांचं दुसरं करपात्र उत्पन्न नसल्यामुळे तीन लाखांची मूळ सूट त्यातूनच वजा झाली. ९ लाख ४० हजारांवर साडेबारा टक्के आणि उपकर, म्हणजे १ लाख २२ हजार २००. ते भरले.

वर्ष सरलं आणि बाबांच्या आयकर खात्यावरच्या वार्षिक माहिती पत्रकात दोन्ही खतं दिसली, ४४ लाख आणि ३३ लाख. असे मोठे व्यवहार नोंदणी कार्यालय आयकर खात्याला कळवतंच. जे कोणी 'आपलं ग्रामीण आहे, दाखवायचं काय' म्हणून गप्प बसतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं: ग्रामीण वावरावर कर नाही, पण सौदा लपलेला नाही. विचारणा आली तर हवाई अंतराचा दाखला, जनगणनेचं पान, सातबारा, पावत्या हे सगळं एका पिवळ्या फाइलीत लावून ठेवलंय. बाबांनी ती फाइल पत्र्याच्या पेटीत ठेवली.

मागच्या महिन्यात काका आले होते. त्यांच्याकडे अजून नदीकाठचं एक वावर उरलंय, विकायचंय. आल्या आल्या विचारलं, "नकाशा हाय का रे तुयाजवळ?"